मर्यादा ऑगस्टमध्ये सांगा, मागण्या ऑक्टोबरमध्ये मागवा : आमच्या शिक्षण संस्थेच्या नियामक मंडळास खुले पत्र

संस्थेचे अध्यक्ष, कार्यवाह, कोषाध्यक्ष आणि नियामक मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

स. न. वि. वि.

मध्यवर्ती कार्यालयाच्या हिशेब विभागातून मी गेल्या मे महिन्यात निवृत्त झालो. निरोप समारंभात शाल-श्रीफळ घेताना बोलायचे राहून गेले, ते आता लिहितो आहे. पत्र खुले ठेवण्याचे कारण एवढेच की तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही जुन्या संस्थेत फेब्रुवारी महिन्यात हेच नाटक होते, आणि बाकीच्या संस्थांतले माझे जोडीदारही हे वाचतील. संस्थेचे नाव मी घालत नाही. घातले नाही म्हणून आपल्याला कळणार नाही असेही नाही.

विषय अंदाजपत्रकाचा. गेल्या तीन वर्षांत आपण ते दोन्ही टोकांनी करून पाहिले. दोन वर्षे खालून वर, म्हणजे घटकप्रमुखांनी मागण्या पाठवायच्या आणि वर बेरीज करायची. तिसऱ्या वर्षी वरून खाली, म्हणजे मंडळाने आकडा ठरवायचा आणि खाली वाटायचा. दोन्ही पद्धती फसल्या. माझे म्हणणे असे की त्या पद्धती वाईट होत्या म्हणून फसल्या नाहीत, एकेकट्या होत्या म्हणून फसल्या.

आधी खालून वर केले त्या वर्षाचे सांगतो. परिपत्रकात आपण लिहिले होते, "घटकप्रमुखांनी आपापल्या गरजेनुसार मागणी सादर करावी." किती पैसे आहेत हे कुठेच लिहिले नव्हते. मागण्या आल्या एकूण 3 कोटी 10 लाखांच्या. पगार, कर्जाचा हप्ता, वीजबिल असा बांधील खर्च वगळून हातात होते 1 कोटी 86 लाख. हे आपल्याला कळले फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि महिनाअखेरीस अंदाजपत्रक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यायचे होते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 31अ प्रमाणे हिशेबी वर्ष सुरू होण्याच्या किमान महिनाभर आधी ते सादर करावे लागते. एकेक मागणी वाचायला वेळ कुणाला होता? रात्री साडेनऊच्या सुमारास कुणीतरी म्हणाले, "सरसकट चाळीस टक्के कापा, विषय संपवा." विषय संपला.

मुलींच्या वसतिगृहाची मागणी माझ्यासमोर होती. रेक्टर बाईंनी फुलस्केप कागदावर हाताने लिहिलेली, मागे तीन-तीन दरपत्रके टाचलेली. गच्चीवरच्या सौर बंबाची टाकी गळते, दुरुस्तीला 3 लाख 20 हजार. गाद्या इतक्या, पंखे इतके, डासांच्या जाळ्या इतक्या खिडक्यांना. बेरीज बरोबर 18 लाख. त्यात एक रुपया फुगवलेला नव्हता, हे मी पंचवीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो. त्या कागदावर लाल शाईने 10.80 हा आकडा मीच लिहिला. त्याच बैठकीत इंग्रजी माध्यमाच्या शाळेने 1 कोटी 20 लाख मागितले होते आणि कापून त्यांना 72 लाख मिळाले. त्यांना तेवढेच हवे होते. मुख्याध्यापक अनुभवी होते, कापाकापी होणार हे धरूनच त्यांनी आकडा काढला होता. सौर बंब तसाच गळत राहिला आणि डिसेंबरात मुलींनी गार पाण्याने आंघोळी केल्या.

पुढच्या वर्षी रेक्टर बाईंनी 30 लाख मागितले. मी विचारले, "बाई, गरज तर अठराचीच आहे ना?" त्या म्हणाल्या, "तीस मागितले की अठरा मिळतात. मागच्या वर्षी तुम्हीच शिकवलंत." हिशेब बिनचूक होता, पण तो प्रत्येकानेच केला होता. त्या वर्षी मागण्या आल्या 4 कोटी 40 लाखांच्या आणि हातात होते 1 कोटी 98 लाख. वाट्याला मागणीच्या 45 टक्के आले. बाईंना 30 मागून मिळाले साडेतेरा. इंग्रजी शाळेने दीड कोटीच्या वर मागून जवळजवळ 70 लाख नेले, त्यातल्या 11 लाखांचे नवे बाक घेतले.

खालून वर येणाऱ्या अंदाजपत्रकाचा हा मूळ दोष आहे. कुठे काय गळते आहे ते खालच्या माणसालाच माहीत असते, म्हणून माहिती खालूनच यायला हवी. पण एकूण पैसे किती हे त्याला माहीत नसते, आणि आपण जास्त मागितले तर दुसऱ्याच्या ताटातले जाते हे त्याला दिसत नाही. मग मागणी म्हणजे गरजेचा कागद उरत नाही, ती लिलावातली बोली होते. आणि सरसकट कपात ही अशी कात्री आहे की जो खरे बोलला त्यालाच ती जास्त लागते.

यावर अध्यक्षसाहेब संतापले, ते रास्तच होते. "मागण्याबिगण्या बंद. प्रत्येकाला मागच्या वर्षीपेक्षा सात टक्के जास्त. त्यात भागवा." काम सोपे झाले. एका दुपारी मी सगळे आकडे टाकून दिले, बैठक चाळीस मिनिटांत संपली, चहासुद्धा गरम होता. पण मागच्या वर्षीचा आकडा म्हणजे काय? तो गरजेचा आकडा नव्हताच, आदल्या दोन वर्षांच्या बोलीतून उरलेला होता. इंग्रजी शाळेचे 11 लाखांचे बाक घेऊन झाले होते, तरी ते 11 लाख पायात धरून त्यावर सात टक्के चढले. मार्चमध्ये पैसे उरतात असे दिसल्यावर शाळेने तिसरा इन्व्हर्टर घेतला. तो अजून खोक्यात आहे. उलट वसतिगृहाचे साडेतेरा लाख सात टक्क्यांनी वाढून साडेचौदाच्या आत राहिले. बंबाचे काम त्याही वर्षी झाले नाही.

वरून खाली येणाऱ्या पद्धतीचे एक बलस्थान मात्र खरे, की बेरीज आधी ठरते. पण आपल्याकडे तेही घडले नाही, कारण सात टक्के ठरवताना उत्पन्नाकडे कुणी पाहिले नव्हते. वाटप झाले जवळपास 2 कोटी 12 लाखांचे आणि शुल्काची वसुली झाली 94 टक्के. फरक भागवायला मुदतठेव मोडावी लागली.

या दोन्हींची सांगड घालता येते, आणि हा काही माझा शोध नाही. सर्वांत ठळक उदाहरण स्वीडनचे आहे. तिथल्या संसदेत पूर्वी एकेक खर्च सुटा मंजूर व्हायचा आणि एकूण बेरीज शेवटी कळायची, आपल्या फेब्रुवारीच्या बैठकीसारखीच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यावर मोठे आर्थिक संकट आले आणि त्यानंतर त्यांनी क्रम उलटा केला. आधी एकूण खर्चाची मर्यादा, तीही पुढच्या काही वर्षांची. मग ती 27 खर्चक्षेत्रांत वाटायची. आणि त्यानंतर प्रत्येक क्षेत्राच्या आत, त्या मर्यादेत राहून, बारीक तपशील ठरवायचा. वरच्यांनी वरचे ठरवायचे, खालच्यांनी खालचे, आणि क्रम मोडायचा नाही. देशाला जे जमले ते पाच घटकांच्या संस्थेला जमायला हरकत नसावी.

निवृत्तीच्या आधीच्या दोन महिन्यांत मी पाचही घटकप्रमुखांशी बोलून याची कागदावर रंगीत तालीम केली. कुणाला बांधून घेतले नव्हते, पण आकडे खरे आहेत. त्यांचाच आधार घेऊन वर्षाचे चक्र कसे फिरावे ते लिहितो.

सुरुवात ऑगस्टमध्ये व्हावी. फेब्रुवारी हा अंदाजपत्रक सादर करण्याचा महिना आहे, करण्याचा नाही. ऑगस्टमध्ये प्रवेश संपलेले असतात, पट कळलेला असतो आणि पहिल्या हप्त्याची वसुली खात्यावर दिसते. तेव्हा कोषाध्यक्षांनी पुढच्या वर्षाचे उत्पन्न मांडावे, आणि ते डोकी मोजून मांडावे, मागच्या वर्षाला टक्केवारी लावून नव्हे. इंग्रजी शाळेत 1,100 मुले, 32,000 रुपये शुल्काने 3 कोटी 52 लाख. महाविद्यालयाच्या विनाअनुदानित अभ्यासक्रमांना 640 विद्यार्थी, 38,000 ने 2 कोटी 43 लाख. वसतिगृहात 180 मुली, 45,000 ने 81 लाख. शुल्क झाले साधारण 6 कोटी 76 लाख. इथे थांबून 94 टक्के वसुली धरली की ते 6 कोटी 36 लाखांवर येते. व्याज आणि सभागृहाचे भाडे 44 लाख मिळवले की एकूण 6 कोटी 80 लाख. ती मधली 40 लाखांची पायरी आपण दरवर्षी गाळत आलो, आणि मोडलेल्या मुदतठेवीचे मूळ तिथेच आहे.

अनुदानित मराठी शाळेच्या शिक्षकांचे पगार शालार्थ प्रणालीतून परस्पर होतात, ते या हिशेबात घ्यायचेच नाहीत. वेतनेतर अनुदान किती येईल आणि कधी येईल हे आपल्या हातात नाही, म्हणून ते शून्य धरावे. आले तर त्या वेळी शाळेला द्यावे.

आता 6 कोटी 80 लाखांतून आधी बांधील खर्च काढायचा. विनाअनुदानित कर्मचाऱ्यांचे पगार 3 कोटी 90 लाख, कर्जाचे हप्ते 52 लाख, वीज-विमा-कर 38 लाख. उरले 2 कोटी. यातले 30 लाख मंडळाने आकस्मिक निधी म्हणून बाजूला ठेवावेत आणि कुणालाही दाखवू नयेत, असे मी म्हणणार होतो. पण दाखवावेतच, लपवले की पुन्हा बोली सुरू होते. आणखी 30 लाख नव्या कामांसाठी सामाईक ठेवावेत, ते कुणाचे हे नंतर ठरेल. राहिलेले 1 कोटी 40 लाख पाच घटकांना मर्यादा म्हणून द्यावेत : इंग्रजी शाळेला 56 लाख, महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमांना 34, मराठी शाळेला 22, वसतिगृहाला 18 आणि मध्यवर्ती कार्यालयाला 10. हे आकडे मागच्या वर्षाला टक्के लावून काढलेले नाहीत. गेल्या तीन वर्षांच्या खतावणीतून एकदाच झालेला खर्च, म्हणजे ते बाक, तो इन्व्हर्टर, बाहेर काढला आणि दरवर्षी खरोखर लागते ते पाहिले.

मंडळाने करायचे वरचे काम एवढेच. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक घटकप्रमुखाला एक पानी मर्यादापत्र जावे. त्यात त्याचा आकडा असावा, इतर चौघांचेही आकडे असावेत, आणि सर्वांनी धरायचे समान दर असावेत : खडूच्या पेटीपासून संगणकापर्यंत. दर वर ठरले नाहीत तर एक घटक संगणक 35 हजारांना धरतो आणि दुसरा 60 हजारांना, मग मागण्यांची तुलनाच करता येत नाही.

ऑक्टोबर खालच्यांचा. घटकप्रमुखाने शिक्षकांना, लिपिकांना, शिपायांनाही बसवून दोन याद्या कराव्यात. पहिली यादी मर्यादेच्या आतली : या पैशांत आपण काय करणार. त्यात मंडळाने लुडबुड करू नये. गाद्या आधी की पंखे आधी हे रेक्टर बाईंनी ठरवायचे. दुसरी यादी मर्यादेबाहेरची, जास्तीत जास्त तीन कामांची, अग्रक्रमाने, आणि प्रत्येकापुढे एक वाक्य : हे काम झाले नाही तर काय होईल. तीनच का, असे मला प्राचार्यांनी विचारले. दहा मागता आली तर क्रम लावण्याचा त्रास कुणी घेत नाही, आणि मला तो त्रासच हवा आहे.

तालमीत रेक्टर बाईंनी दुसऱ्या यादीत पहिला लिहिला सौर बंब, 3 लाख 20 हजार. पुढचे वाक्य : "सलग चौथा हिवाळा." मराठी शाळेने मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती मागितली, 6 लाख. इंग्रजी शाळेने वरच्या मजल्याच्या छताचे वॉटरप्रूफिंग, 9 लाख 60 हजार. महाविद्यालयाने 20 संगणक, 42,000 च्या दराने 8 लाख 40 हजार. सगळ्यांच्या दुसऱ्या याद्या मिळून 71 लाख झाल्या आणि सामाईक निधी 30 लाखांचा. हे प्रमाणही पाहा : बोलीच्या वर्षी मागणी उपलब्ध रकमेच्या सव्वादोन पट होती, इथे पहिल्या याद्या 1 कोटी 40 लाखांत बसलेल्या आणि भांडण उरले फक्त 71 लाखांचे, तेही कामांची नावे घेऊन.

नोव्हेंबरात वर आणि खाली समोरासमोर बसावेत. एकेका घटकासाठी दीड तास, कोषाध्यक्ष, कार्यवाह आणि घटकप्रमुख. खरी सांगड इथे बसते, म्हणून महाविद्यालयाच्या संगणकांचे थोडे सविस्तर सांगतो. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमाला 60 विद्यार्थ्यांची नवी तुकडी मागितली आहे, म्हणून 20 संगणक, असे प्राचार्यांचे म्हणणे. मी वेळापत्रक मागितले. प्रयोगशाळा दुपारी एकनंतर रिकामी. दुसरी बॅच दुपारी घेतली तर दहा संगणकांत भागते, म्हणजे 4 लाख 20 हजार. हे वरच्यांना मध्यवर्ती कार्यालयात बसून कधीच कळले नसते.

पण त्याच बैठकीत उलटही झाले. नवी तुकडी आली तर 60 गुणिले 38,000, म्हणजे 22 लाख 80 हजार, आणि 94 टक्के वसुलीने साधारण साडेएकवीस लाख वाढीव उत्पन्न. हे ऑगस्टच्या अंदाजात नव्हते, कारण तेव्हा वर कुणाला तुकडीचा प्रस्ताव माहीतच नव्हता. मग काय, मर्यादा लगेच वाढवायची? नाही. तुकडीला परवानगी मिळेलच असे नाही, आणि मिळाली तरी ती प्रवेशाच्या तोंडावर येते. म्हणून अंदाजपत्रकात दोन ओळी सशर्त लिहायच्या : परवानगी आली तर उत्पन्न इतके, आणि त्यातून दोन शिक्षकांचे पगार नि दहा संगणक. परवानगी आली नाही तर दोन्ही ओळी एकत्र पडतील. खर्चाची ओळ तेवढी जगली आणि उत्पन्नाची मेली, असे होता कामा नये.

एक नियम मात्र कडक हवा. मर्यादापत्र निघाल्यानंतर घटकाची मर्यादा बदलेल ती फक्त उत्पन्नाचा अंदाज बदलला तर. अध्यक्षांच्या केबिनमध्ये जाऊन आलेल्या माणसाची मर्यादा वाढली, असे एकदा जरी झाले तरी पुढच्या वर्षी सगळे केबिनच्या दाराशी रांगेत दिसतील आणि आपण पुन्हा पहिल्या वर्षात पोचू. मंडळातील काही सदस्यांचे एकेका घटकावर विशेष प्रेम आहे. ते प्रेम त्यांनी ऑगस्टमध्ये, मर्यादा ठरताना, सर्वांसमोर व्यक्त करावे.

चक्र नोव्हेंबरातच का जुळले पाहिजे, याला कायद्याचेही कारण आहे, आणि आपण ते सोयीने विसरतो. शुल्क विनियमनाच्या 2011 च्या अधिनियमाप्रमाणे शाळेच्या पुढच्या वर्षाच्या शुल्काचा प्रस्ताव शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जावा लागतो. शाळा जूनमध्ये भरते, म्हणजे प्रस्ताव डिसेंबरच्या मध्याआधी. आपण अंदाजपत्रक करतो फेब्रुवारीत! म्हणजे आपले सर्वांत मोठे उत्पन्न ठरते डिसेंबरात आणि ते कशासाठी लागते हे कळते दोन महिन्यांनी. मागच्या वेळी एका पालकाने समितीत विचारले, "ही वाढ कशासाठी?" आपल्या प्रतिनिधीने उत्तर दिले, "महागाई." नोव्हेंबरात याद्या तयार असतील तर तोच प्रतिनिधी छताचे 9 लाख 60 हजार दाखवू शकेल, आणि पालक त्यावर निदान वाद तरी घालू शकतील.

सामाईक 30 लाखांचा निर्णय डिसेंबरच्या बैठकीत व्हावा. तालमीत आम्ही स्वच्छतागृह, बंब आणि छत घेतले, संगणक सशर्त ठेवले. ते धरून 23 लाख झाले. उरलेले 7 लाख जाणूनबुजून मोकळे ठेवले, कारण डिसेंबरात चालू वर्षाचे पहिल्या आठ महिन्यांचे आकडे हातात येतात. सरकारी कचेऱ्यांत ज्याला आठमाही म्हणतात तेच. ते पाहून जानेवारीत उत्पन्नाचा अंदाज एकदा सुधारायचा, अंदाजपत्रक पक्के करायचे आणि फेब्रुवारीत मंजूर करून सादर करायचे. त्या बैठकीत चहा नक्की गरम राहील.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण अंदाजपत्रक शिलकीचे असूनही ती आपल्याला दगा देते. आपले हिशेबी वर्ष एप्रिलला सुरू होते आणि शुल्क जूनला यायला लागते. एप्रिल-मेचे पगार, महिना साडेबत्तीस लाखांप्रमाणे 65 लाख, जुन्या शिलकीतूनच द्यावे लागतात. म्हणून मर्यादापत्रासोबत महिनावार येणे-देणे मांडलेले एक पान हवे, आणि 31 मार्चला खात्यात किमान 65 लाख असायला हवेत ही अट मंडळाने स्वतःवर घालून घ्यावी. मोठी खरेदी ऑगस्टनंतर, हे त्यातूनच येते.

ही सांगड बिघडते कशी, हेही सांगतो. पहिली खूण ऑक्टोबरातच दिसते : एखाद्या घटकाची पहिली यादी मर्यादेइतकीच भरते, बरोबर छप्पन्न लाख शून्य शून्य. याचा अर्थ यादी खालून झाली नाही, मुख्याध्यापकांनी लिपिकाला आकडा दिला आणि त्याने मागून बसवली. अशा वेळी यादी परत पाठवावी आणि शिक्षकांच्या बैठकीचे इतिवृत्त मागावे. दुसरी खूण मार्चमध्ये. बारा महिन्यांच्या किरकोळ खर्चातला मार्चचा वाटा बारावा भाग असायला हवा, फार तर थोडा जास्त. एखाद्या घटकाचा तिसरा हिस्सा मार्चमध्ये गेला तर मर्यादा ढिली होती, पुढच्या ऑगस्टला ती आवळावी.

पण मार्चची घाई थांबवायची तर पैसे उरवणाऱ्याला शिक्षा होता कामा नये. आज उरलेले पैसे मध्यवर्ती खात्यात जमा होतात आणि पुढच्या वर्षी तरतूद कमी होते. म्हणूनच इन्व्हर्टर खोक्यात येतो. बचतीची निम्मी रक्कम त्याच घटकाला पुढच्या वर्षी मर्यादेवर मिळावी. आयकर कायद्याप्रमाणे संस्थेला उत्पन्नाचे 85 टक्के वर्षात उद्दिष्टासाठी खर्चावे लागतात, हे मला माहीत आहे, आणि दरवर्षी मार्चमध्ये "खर्च करा, नाहीतर कर बसेल" असे कोण सांगत फिरते तेही. तो हिशेब पूर्ण संस्थेचा असतो, एकेका घटकाचा नाही. पगार आणि हप्ते धरून आपण ती रेषा बहुधा आधीच ओलांडलेली असते. फेब्रुवारीत सनदी लेखापालांकडून एकदा आकडा काढून घ्यावा, म्हणजे भीतीपोटी खरेदी होणार नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही कबूल करतो. घटकप्रमुखांचे ऑक्टोबरमधले तीन-चार दिवस यात जातील, आणि ते सहामाही परीक्षेचे दिवस आहेत. मध्यवर्ती कार्यालयाला पहिल्या वर्षी जड जाईल, कारण आपली टॅलीतली लेखाशीर्षे घटकवार लावलेली नाहीत, वसतिगृहाचे वीजबिल अजून महाविद्यालयात पडते. ऑगस्टपूर्वी ती लावून घ्यावी लागतील. शिवाय मर्यादा पहिल्यांदा ठरवताना जुना अन्याय त्यात शिरतोच. वसतिगृहाला 18 लाख धरले ते तीन वर्षांपूर्वीच्या बाईंच्या कागदावरून, पण मराठी शाळेने तसा कागद कधी पाठवलाच नव्हता. त्यांचे 22 लाख कदाचित कमी असतील. दर तीन वर्षांनी एका घटकाची मर्यादा कोऱ्या पानावरून काढावी, आणि सुरुवात मराठी शाळेपासून करावी, अशी माझी सूचना आहे.

ऑगस्टच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत "पुढील वर्षाचे उत्पन्न व घटकवार मर्यादा" हा विषय घ्यावा, एवढीच विनंती. तालमीचे सगळे कागद, पाचही घटकांच्या याद्या आणि एकदाच झालेल्या खर्चाची वेगळी केलेली खतावणी मी निळ्या फायलीत घालून हिशेब विभागाच्या खिडकीजवळच्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली आहे. किल्ली माझ्या जागी आलेल्या ताईंकडे आहे. बैठकीला बोलावलेत तर येईन, मानधन नको. आणि त्याआधी कुणी वसतिगृहाच्या गच्चीवर जाणार असेल तर टाकीच्या डाव्या अंगाला खाली हात लावून पाहावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
संस्थेचा एक निवृत्त लेखापाल